अन्ननलिकेत आतड्याचं अस्तर: पुढची दुर्बीण तीन वर्षांनी की पाच?

भांडुपला राहणारे ५४ वर्षांचे एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणू. नोकरी फोर्टात. घरी पोचायला रोज साडेनऊ-दहा होतात, जेवण साडेदहाला आणि अकराला अंथरुणावर. गेली पंधरा वर्षं त्यांना ‘पित्ताचा त्रास’ आहे. छातीत जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं, रात्री कधी ठसका लागून जाग येते. मेडिकलमधून आणलेली गोळी घेतली की चार दिवस बरं वाटतं. शेवटी कुणाच्या तरी आग्रहाने दुर्बीण टाकली, तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्टात एक अनोळखी शब्द आला: इंटेस्टिनल मेटाप्लासिया. घरात मात्र सगळ्यांना एकच शब्द ऐकू आला, कॅन्सर.

हा माणूस आम्ही उदाहरणासाठी रचलेला आहे, पण असे रिपोर्ट खरे असतात. त्यातली एक गोष्ट फारशी कोणी समजावून सांगत नाही. पुढची दुर्बीण कधी टाकायची हे ठरतं ते सेंटिमीटरच्या दोन मापांवर आणि तुकडे कुठून, किती काढले त्यावर. ही मापं चुकली किंवा लिहिलीच नाहीत, तर पुढचं वेळापत्रक अंदाजपंचेच राहतं.

अस्तर बदलतं म्हणजे काय

अन्ननलिकेचं आतलं अस्तर आपल्या तोंडातल्या अस्तरासारखंच असतं. चपट्या पेशींचे थरावर थर, दुर्बिणीतून फिकट गुलाबी दिसणारे. गरम, तिखट, टोचणारं अन्न सोसायला ते उत्तम, पण आम्ल सोसायला नाही. जठराचं अस्तर वेगळं. उभ्या पेशींचा एकच थर, वर चिकट द्रवाचं आवरण, रंग लालसर. या दोन रंगांची नागमोडी सीमारेषा दुर्बिणीत स्पष्ट दिसते. तिला झेड-लाइन म्हणतात.

जठरातलं आम्ल आणि त्याच्यासोबत खरं पित्त, म्हणजे यकृतातून येणारा पित्तरस, वर्षानुवर्षं वर येत राहिलं की खालच्या भागातलं चपटं अस्तर जळतं, सोलतं, पुन्हा भरून येतं. काही जणांमध्ये ते भरून येताना वेगळंच येतं. उभ्या पेशी उगवतात आणि त्यांच्यामध्ये चषकाच्या आकाराच्या, द्रवाने फुगलेल्या गॉब्लेट पेशी दिसतात. या पेशींची खरी जागा आतड्यात, म्हणून नाव इंटेस्टिनल मेटाप्लासिया, म्हणजे ‘आतड्यासारखा बदल’. असा बदल अन्ननलिकेत झाला की त्याला बॅरेट्स इसोफॅगस म्हणतात. पॅथॉलॉजिस्टला शंका असेल तर तो अल्शियन ब्लू नावाचा रंग वापरतो. त्यात गॉब्लेट पेशी निळ्या उठून दिसतात.

नवं अस्तर आम्लाला कमी कुरकुरतं. त्यामुळे काही जणांची जळजळ वयाबरोबर आपोआप कमी होते आणि ‘आता पित्त गेलं’ असा समज होतो. आम्ल वर येणं चालूच असतं, फक्त ते आता जाणवत नाही. म्हणून पुढची तपासणी कधी, हे त्रासावरून ठरवता येत नाही.

हे अस्तर म्हणजे कॅन्सर नाही. पेशींमध्ये विकृती, म्हणजे डिसप्लासिया, नसेल तर अशा हजार माणसांमध्ये वर्षाला साधारण एक ते तीन जणांना अन्ननलिकेचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा या जातीचा कॅन्सर होतो. बाकीच्यांचं आयुष्य दुसऱ्याच कशाने तरी संपतं. मात्र हा कॅन्सर गिळायला त्रास होण्याइतका वाढल्यावर सापडला तर उपचार अवघड होतात. मेटाप्लासिया, मग कमी प्रतीचा डिसप्लासिया, मग वरच्या प्रतीचा, मग कॅन्सर अशी ही वाट आहे आणि ती सहसा सावकाश चालते. ठरावीक अंतराने दुर्बीण टाकायची ती या वाटेवर मधेच गाठण्यासाठी.

पहिली दुर्बीण बहुधा पुन्हा करावी लागते

आपल्या भांडुपकरांच्या पहिल्या एन्डोस्कोपीत अन्ननलिकेला ‘ग्रेड सी’ची सूज होती. लॉस एंजेलिस पद्धतीत ए ते डी अशा चार पायऱ्या आहेत. सी म्हणजे जखमा एका घडीवरून दुसऱ्या घडीवर पसरलेल्या, पण पूर्ण घेराला न वेढणाऱ्या. इतक्या सुजलेल्या जागी दोन अडचणी येतात. जखमांखाली बदललेलं अस्तर झाकलं जातं, त्यामुळे ते आहे की नाही आणि किती लांब आहे हे सांगता येत नाही. आणि दुरुस्त होत असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली विकृत पेशींसारख्याच दिसतात. मग पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिकपणे लिहितो, ‘डिसप्लासियाबद्दल निश्चित सांगता येत नाही’. घरचे मात्र हे वाचून रात्रभर जागतात.

म्हणून अशा वेळी आधी आम्ल कमी करणारी गोळी आठ ते बारा आठवडे नीट द्यायची आणि मग पुन्हा बघायचं. नीट म्हणजे पॅन्टोप्राझोल, इसोमेप्राझोल यांसारखी गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, सांगितली असेल तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. पोट भरल्यावर किंवा जळजळ झाली तरच घेतलेली गोळी अर्धी वायाच जाते, कारण ती जठरातल्या आम्लाच्या पंपावर तो जागा होतानाच चांगली बसते.

इथे एक गोंधळ हमखास होतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूच्या चाचणीसाठी आम्लाची गोळी दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात, आणि बऱ्याच केंद्रांच्या छापील सूचनांत तेच लिहिलेलं असतं. बॅरेट्सच्या तपासणीला नेमकं उलट हवं असतं. गोळी बंद केली की सूज परत येते आणि पुन्हा ‘निश्चित सांगता येत नाही’ असा रिपोर्ट हातात पडतो. त्यामुळे वेळ घेतानाच विचारावं: ही पाळतीची एन्डोस्कोपी आहे, गोळी चालू ठेवू ना?

माप कुठून घ्यायचं

दुसऱ्या एन्डोस्कोपीत सूज ओसरली होती. डॉक्टरांनी पुढच्या दातांपासून अंतरं लिहिली. छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाची चिमट ४० सेंटिमीटरवर. जठराच्या घड्यांचं वरचं टोक ३७ वर. लालसर अस्तर पूर्ण घेराने ३५ पर्यंत. त्याच्याही वर त्याच अस्तराची एक जीभ लांबत ३२ पर्यंत गेलेली.

यातला मुख्य आकडा ३७ चा, कारण जठराच्या घड्या जिथे संपतात तिथेच जठर संपून अन्ननलिका सुरू झाली असं मानतात. ४० पासून ३७ पर्यंतचे तीन सेंटिमीटर म्हणजे श्वासपटलातून वर सरकलेलं जठर, म्हणजे हायटस हर्निया. तो भाग लाल असणारच, तो बॅरेट्स नव्हे. ३७ पासून वर मोजायचं. पूर्ण घेराचा पट्टा दोन सेंटिमीटर, सगळ्यात उंच जीभ पाच सेंटिमीटर. रिपोर्टात हे ‘प्राग सी२ एम५’ असं लिहितात. सी म्हणजे घेर, एम म्हणजे कमाल उंची. ही पद्धत २००६ पासून जगभर वापरात आहे.

आता समजा, डॉक्टरांनी घाईत ४० पासूनच मोजलं. मग एम५ चं एम८ झालं. किंवा दुर्बिणीतून हवा जास्त भरली. ताणलेल्या भिंतीत घड्या सपाट होतात, त्यांचं टोक खाली गेल्यासारखं वाटतं आणि बॅरेट्स उगाच लांब दिसतो. म्हणून हे माप थोडी हवा काढून घ्यावं लागतं. गंमत म्हणजे ज्यांचं नाव या अवस्थेला पडलं ते ब्रिटिश शल्यविशारद नॉर्मन बॅरेट १९५० मध्ये असंच समजत होते की हा भाग म्हणजे छातीत ओढलं गेलेलं नळीसारखं जठरच आहे. ती अन्ननलिकाच आहे हे त्यांनी १९५७ मध्ये मान्य केलं. जठर आणि अन्ननलिका यांची हद्द ठरवणं तेव्हाही अवघड होतं आणि घाईच्या ओपीडीत आजही चुकतं.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. झेड-लाइन थोडी वाकडी आहे, एक सेंटिमीटरही वर सरकलेली नाही, तरी तिथला तुकडा काढला जातो आणि त्यात गॉब्लेट पेशी निघतात. जठराच्या तोंडाशी अशा पेशी पुष्कळ लोकांत सापडतात आणि बरेचदा त्यांचा संबंध हेलिकोबॅक्टरशी असतो. एक सेंटिमीटरपेक्षा कमी असलेल्या अशा बदलाला बॅरेट्स म्हणत नाहीत आणि त्यासाठी नियमित पाळतही ठेवत नाहीत. रिपोर्टात ‘इंटेस्टिनल मेटाप्लासिया’ आहे पण लांबी कुठेच नाही, असं असेल तर ‘किती सेंटिमीटर?’ हे विचारल्याशिवाय पुढचं काही ठरवू नये. नाहीतर नसलेल्या आजाराचं लेबल जन्मभर कपाळी राहतं, आणि विम्याच्या फॉर्मवरही.

तुकडे किती, कुठून, किती बाटल्यांत

आतून पाहताना विकृत पेशींचा भाग पुष्कळदा शेजारच्या अस्तरासारखाच दिसतो. म्हणून नुसतं पाहणं पुरत नाही. आधी अस्तरावरचा चिकट द्रव पाण्याने धुऊन काढायचा, मग सावकाश बघायचं. बदललेल्या अस्तराच्या दर सेंटिमीटरला निदान एक मिनिट, हा आजचा दंडक आहे. आपल्या एम५ ला नुसतं बघायलाच पाच मिनिटं. साध्या प्रकाशाबरोबर एनबीआयचा निळसर-हिरवा प्रकाश वापरला की अस्तरावरची नक्षी आणि बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात. काही ठिकाणी पातळ केलेलं अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, फवारतात. अस्तर पांढरं होतं आणि विकृत भागाचा पांढरेपणा लवकर उडतो.

उंचवटा, खड्डा, रंग बदललेला ठिपका असं काही दिसलं तर त्याचे तुकडे सगळ्यात आधी आणि वेगळ्या बाटलीत. नंतरचे तुकडे सिअ‍ॅटल पद्धतीने काढतात. दर दोन सेंटिमीटरला घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी एकेक. आपल्या उदाहरणात ३७ वर चार आणि ३५ वर चार. ३३ वर पूर्ण घेर नाही, फक्त जीभ आहे, म्हणून तिथून एक-दोन. सगळे मिळून नऊ-दहा. खालून वर येत काढले तर वरच्या जखमेचं रक्त खालच्या जागा झाकत नाही. प्रत्येक उंचीची बाटली वेगळी आणि तिच्यावर सेंटिमीटरचा आकडा.

हा बाटल्यांचा आग्रह किरकोळ वाटतो, पण पुढे तोच उपयोगी पडतो. दहाही तुकडे एकाच बाटलीत टाकले आणि एकात डिसप्लासिया निघाला, तर तो ३३ वरचा की ३७ वरचा हे कोणालाच सांगता येणार नाही. बाटल्या वाढल्या की लॅबचं बिल वाढतं, आणि म्हणूनच कधी कधी सगळं एकत्र पाठवलं जातं. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे, असं आमचं मत आहे.

दुसरी अडचण वेळेची. घशात फवारा मारून दोन मिनिटांत उरकलेल्या दुर्बिणीत हे काम होत नाही. माणूस उमळत असताना पाच मिनिटं बघणं आणि दहा ठिकाणांहून मोजून तुकडे काढणं कोणत्याही डॉक्टरला अवघडच. पाळतीच्या एन्डोस्कोपीसाठी गुंगीचं औषध मागून घ्यावं. मग सोबत कोणीतरी हवंच. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, एकट्याने लोकलही पकडायची नाही. आदल्या रात्रीनंतर घन अन्न निदान सहा तास बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. नुसते तुकडे काढायला त्या पुष्कळदा थांबवाव्या लागत नाहीत, आणि थांबवायच्याच असतील तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून.

तारीख

भांडुपकरांच्या दहाही तुकड्यांत गॉब्लेट पेशी होत्या, डिसप्लासिया कुठेच नव्हता. आता हिशेब सोपा आहे. अमेरिकन आणि युरोपीय संस्थांच्या २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, डिसप्लासिया नसताना कमाल लांबी एक ते तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर पाच वर्षांनी, तीन किंवा जास्त असेल तर तीन वर्षांनी. एम५, म्हणून तीन वर्षांनी. युरोपीय सूचनांनुसार लांबी दहाच्या पुढे गेली तर या विषयातल्या खास केंद्राकडे पाठवावं. लांबी महत्त्वाची का, तर बदललेलं अस्तर जितकं जास्त, तितक्या बिघडू शकणाऱ्या पेशी जास्त.

हे आकडे पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांवरून आले आहेत. आपल्याकडे बॅरेट्स त्यामानाने कमी, आणि अन्ननलिकेचा कॅन्सर झाला तर तो बहुतेकदा दुसऱ्या जातीचा, चपट्या पेशींचा असतो. त्याचा संबंध तंबाखू-बिडीशी जास्त. त्यामुळे तंबाखू खाणाऱ्याची दुर्बीण फक्त खालच्या पाच सेंटिमीटरवर रेंगाळून चालत नाही, बाहेर काढताना वरचा आणि मधला भागही तितकाच निरखावा लागतो.

दर वर्षी केली तर जास्त सुरक्षित नाही का, असा प्रश्न येतोच. डिसप्लासिया नसताना दर वर्षीच्या घाईच्या दुर्बिणीपेक्षा तीन वर्षांनी नीट केलेली एक जास्त कामाची. पाळतीवर असलेल्यांत पुढे सापडणाऱ्या कॅन्सरपैकी बराच भाग पहिल्या तपासणीनंतर वर्षभरातच उघड होतो, म्हणजे तो तेव्हाही तिथेच होता, फक्त दिसला नव्हता.

तीन वर्षांनी डिसप्लासिया निघाला तर

समजा ५७ व्या वर्षीच्या एन्डोस्कोपीत सगळं गुळगुळीत दिसलं, पण ‘३५’ लिहिलेल्या बाटलीतल्या एका तुकड्यात कमी प्रतीचा डिसप्लासिया आला. पहिलं काम, त्याच स्लाइड पचनसंस्थेच्या पॅथॉलॉजीत मुरलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवणं. हे निदान पॅथॉलॉजिस्टमध्येही मतभेदाचं आहे. नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका अभ्यासात साध्या रुग्णालयांतून आलेली कमी प्रतीच्या डिसप्लासियाची निदानं तज्ज्ञांनी पुन्हा पाहिली, तेव्हा शंभरातली ८५ खाली उतरली. जी टिकली त्यांचा धोका मात्र खरा होता. पी५३ नावाच्या प्रथिनाचा रंग दिल्याने अशा वेळी निर्णयाला मदत होते.

यासाठी स्लाइडबरोबर, तुकडे ज्यात बसवलेले असतात ते मेणाचे ब्लॉकही लागतात, कारण नवा रंग द्यायला ब्लॉकमधूनच नवी चकती कापतात. परळला टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत घ्यायला जाताना दोन्ही घेऊन जावं. ब्लॉक मूळ लॅबमधून अर्ज करून मिळतात. त्यांचा क्रमांक रिपोर्टावर असतो.

दुसऱ्या तज्ज्ञानेही दुजोरा दिला तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे आम्लाची गोळी दोन वेळा चालू ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, आणि या वेळी तुकडे दर दोन नव्हे, दर एक सेंटिमीटरला. म्हणजे ३७, ३६, ३५ वर चार-चार आणि वरच्या जिभेवर एक-दोन, असे पंधराच्या आसपास. डिसप्लासिया नाही दिसला तरी लगेच तीन वर्षांवर परतायचं नाही, आधी वर्षभराने. दुसरी वाट, तो बदललेला पट्टा रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळून टाकणं. त्याला आरएफए म्हणतात. २०१४ मध्ये आलेल्या युरोपीय चाचणीत पक्का कमी प्रतीचा डिसप्लासिया असलेल्यांची तीन वर्षांत वरच्या प्रतीकडे किंवा कॅन्सरकडे वाटचाल नुसत्या पाळतीत २६.५ टक्के झाली, आरएफए केलेल्यांत १.५ टक्के. काहींची अन्ननलिका नंतर आखडते आणि फुग्याने रुंद करावी लागते. आरएफए झाल्यावरही पाळत सुटत नाही, कारण अस्तर परत उगवू शकतं.

वरच्या प्रतीचा डिसप्लासिया पक्का झाला तर थांबून बघण्याचा प्रश्नच नसतो. दिसणारा उंचवटा आधी दुर्बिणीतूनच कापून काढतात आणि उरलेला भाग जाळतात. कापलेला तुकडा खोलवर तपासता येतो, म्हणून तो आधी.

पाळत थांबते कधी? डिसप्लासिया कधीच नव्हता आणि वय ७५ च्या घरात आलं, किंवा दुसऱ्या मोठ्या आजारामुळे उपचार झेपणारच नसतील, तर पुढची तारीख न देण्याचा विचार होतो. आपले भांडुपकर ७५ ला पोचेपर्यंत, सगळं शांत राहिलं तर, त्यांच्या पाळतीच्या सात दुर्बिणी झालेल्या असतील.

मधल्या तीन वर्षांत घास अडकू लागला, न ठरवता वजन उतरलं, शौचाला काळं होऊ लागलं किंवा तपासणीत रक्त कमी निघालं, तर फाइलवरची तारीख विसरून त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठायचं. आणि जाताना फाइलमधला जुना रिपोर्ट न्यायचा, ज्यावर ४०, ३७, ३५, ३२ हे चार आकडे लिहिलेले आहेत.